रविवारची चाचणीपत्रिका आणि रोजची उजळणी : दहावीच्या पालकांना पत्र



दिवाळीची सुट्टी संपून क्लास पुन्हा सुरू झाला आहे. बीजगणिताची सहाही प्रकरणे आणि भूमितीची पहिली पाच शिकवून झाली. त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन डिसेंबरच्या मध्यापर्यंत होईल. बोर्डाची परीक्षा म्हणजे मार्च, असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. पण २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्याआधी शाळेची पूर्वपरीक्षा, मग तोंडी आणि प्रात्यक्षिके. म्हणजे उजळणीसाठी रविवार उरतात जेमतेम बारा. त्यातच आपल्या वणी परिसरात जानेवारी उजाडला की द्राक्षकाढणी सुरू होते आणि बहुतेक घरांत पोरांचा हातही लागतो. या बारा रविवारांचे काय करायचे, घरी रोज काय व्हायला हवे आणि तुमच्या हातात दर आठवड्याला जो कागद येईल तो कसा वाचायचा, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. सवडीने वाचा. घरात कुणाला वाचायची अडचण असेल तर मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे त्यालाही कळेल.

आधी चाचणीपत्रिकेबद्दल. दर रविवारी सकाळी आठ ते नऊ या वेळात वीस गुणांची एक पत्रिका होईल. वेळ एक तासच का, तर बोर्डात बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा आणि दोन तासांचा असतो, भूमितीचाही तसाच. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. त्याच वेगाने वीस गुणांना साठ मिनिटे होतात. हा वेग मुलांच्या हाताला आत्तापासून बसायला हवा, म्हणून मी कुणालाही दहा मिनिटे जास्त देणार नाही आणि लवकर संपले तरी नऊच्या आत कुणाला सोडणार नाही. उरलेल्या वेळात ताळा करायचा. ओझरखेड, पांडाणे या बाजूने येणाऱ्या मुलांची बस चुकली तर त्यांनी धावतपळत येऊन अर्धी पत्रिका सोडवू नये. ती साडेनऊला दुसऱ्या खोलीत पूर्ण तास बसतील.

आता पत्रिकेत काय असेल ते नीट समजून घ्या, कारण बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात. आजवर आपण एक प्रकरण शिकवून झाले की त्याच प्रकरणावर परीक्षा घेत होतो. अंकगणिती श्रेढी संपली की श्रेढीचीच वीस गुणांची पत्रिका. त्यात मुलांना सतरा-अठरा गुण सहज पडत, घरी सगळे खूश होत. यापुढे तसे होणार नाही. वीसपैकी आठ गुण त्या आठवड्यात उजळणी केलेल्या प्रकरणाचे असतील. सहा गुण साधारण तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या प्रकरणाचे. उरलेले सहा गुण त्याहून जुन्या कुठल्याही प्रकरणाचे, आणि त्यात बीजगणिताच्या पत्रिकेत भूमितीचा प्रश्नही येऊ शकेल. कुठल्या जुन्या प्रकरणातून प्रश्न येणार हे मी आधी सांगणार नाही. प्रश्नांच्या वर प्रकरणाचे नावही नसेल.

यामुळे पहिल्या तीन-चार रविवारी गुण उतरलेले दिसतील. सतरावरून अकरावर येतील, काहींचे नऊवर. ते तसे येणारच आहेत आणि त्यात मुलाचा अभ्यास बिघडला असे काही नाही. श्रेढीच्या पत्रिकेत प्रत्येक गणित श्रेढीचेच असते, त्यामुळे कुठले सूत्र वापरायचे हा विचार मुलाला करावाच लागत नाही. फक्त आकडे भरायचे राहतात. बोर्डाच्या पेपरात सहा प्रकरणांची गणिते शेजारी शेजारी बसलेली असतात आणि वर प्रकरणाचे नाव नसते. समोरचे गणित कुठल्या जातीचे आहे हे ओळखणे, हेच तिथे अर्धे काम असते. ते काम आपण वर्षभर मुलांकडून करूनच घेतले नाही, तर हॉलमध्ये ते अचानक कसे जमेल?

याचा पद्धतशीर प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेतील डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना काही घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एका प्रकारची सगळी गणिते आधी, मग दुसऱ्या प्रकारची, अशी ओळीने सोडवली. दुसऱ्या गटाला तीच गणिते सरमिसळ करून दिली. सराव चालू असताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळ सोडवणाऱ्यांची फक्त ६०. पण आठवड्याने दोघांची परीक्षा घेतली तेव्हा ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. सरावातले मोठे आकडे परीक्षेत टिकले नाहीत. रविवारच्या पत्रिकेवर अकरा गुण बघून मुलाला बोलायच्या आधी हे आकडे एकदा आठवा, एवढीच माझी विनंती आहे.

उत्तरपत्रिका तपासून सोमवारी मुलांच्या हातात पडेल, पण तिच्यावर गुण लिहिलेले नसतील. ते माझ्या वहीत असतील आणि बुधवारी सांगितले जातील. पालकांना हे विचित्र वाटेल हे मला माहीत आहे. गुण दाखवत नाही म्हणजे काही लपवते आहे, अशी शंका काहींना येईल. कारण साधे आहे. गुण दिसले की मूल तो आकडा बघते, शेजाऱ्याचा विचारते आणि कागद दप्तरात कोंबते. कुठल्या ओळीत काय चुकले हे त्यानंतर कुणी वाचत नाही. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळकरी मुलांपैकी काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांनाही फारसा फायदा झाला नाही, म्हणजे गुणांपुढे शेरा वायाच गेला. म्हणून पहिले दोन दिवस चुकांचे आणि बुधवार गुणांचा.

सोमवारी मिळणाऱ्या कागदावर काय असेल? जिथे पायरी चुकली त्या ओळीच्या समासात मी फक्त एक टिंब देईन. काय चुकले ते लिहिणार नाही. वर्गात पहिली दहा मिनिटे मुले ते टिंब बघून आपली चूक स्वतः शोधतील. त्यानंतर मी प्रत्येकाशेजारी बसून टिंबापुढे एक अक्षर लिहीन. ही चार अक्षरे पालकांनी लक्षात ठेवायची आहेत, कारण तुमच्यासाठी गुणांपेक्षा त्यांनाच जास्त अर्थ आहे. ‘घ’ म्हणजे घाई : मुलाला येत होते, टिंब बघताच त्याने चूक स्वतः पकडली. ‘वि’ म्हणजे विसरले : पद्धत माहीत होती, पण सूत्र किंवा पायरी आठवली नाही, पुस्तक उघडून दाखवल्यावर पुढचे जमले. ‘ओ’ म्हणजे ओळखले नाही : गणित कुठल्या प्रकारचे आहे हेच कळले नाही, त्यामुळे सुरुवातच झाली नाही, तेच गणित मांडून दिले तर सोडवता येते. आणि ‘स’ म्हणजे समजलेलेच नाही : मांडून दिले, सूत्र दिले, तरी पुढे जाता येत नाही.

एक पत्रिका उदाहरणादाखल उलगडून दाखवते. ही कुणा एका मुलीची नाही. दर वर्षी दिसणाऱ्या चुका एकत्र करून मी ती तयार केली आहे. समजा त्या आठवड्यात अंकगणिती श्रेढीची उजळणी झाली. आठ गुण श्रेढीचे, सहा वर्गसमीकरणांचे, चार दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आणि दोन पायथागोरसच्या प्रमेयाचे. मुलीला मिळाले अकरा. नऊ गुण गेले तीन ठिकाणी.

पहिले गणित होते, १ ते १०० मध्ये ६ ने भाग जाणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज काढा. चार गुण. तिने पहिले पद 6, सामान्य फरक 6 आणि शेवटचे पद 96 हे बरोबर लिहिले, त्याचा एक गुण मिळाला. मग पदे किती हे काढताना सूत्र लिहिले

tₙ = a + nd

खरे सूत्र tₙ = a + (n − 1)d असे आहे. चुकीच्या सूत्राने n = 15 आले आणि बेरीज 765. खरे उत्तर, n = 16 आणि बेरीज 8 × 102 म्हणजे 816. इथे मी ‘वि’ लिहिते. हिला श्रेढी कळली आहे, गणित ओळखता आले आहे, फक्त सूत्र अर्धवट आठवले. यावर उपाय पुन्हा शिकवणे हा नव्हे. दोन-तीन दिवस कोऱ्या कागदावर ते सूत्र आठवून लिहायचे आणि लगेच लहान श्रेढीवर तपासायचे : 6, 12, 18 मध्ये पदे तीन आहेत हे तर बोटांवर मोजता येते. चुकीच्या सूत्रात 18 घातले तर उत्तर दोन येते. अशी तपासणी हाताला लागली की सूत्र विसरले तरी ते दुरुस्त करता येते.

दुसरे गणित x² − 4x − 3 = 0 हे सूत्राने सोडवायचे होते. तीन गुण. तिने b² − 4ac काढताना 16 − 12 = 4 लिहिले. c ची किंमत उणे तीन असल्यामुळे तिथे 16 + 12 = 28 यायला हवे होते आणि मुळे 2 + √7 व 2 − √7 ही यायला हवी होती. तिची आली 3 आणि 1. उत्तर इतके सुटसुटीत आले की तिला शंकाच आली नाही. एक गुण मिळाला, दोन गेले. सोमवारी टिंब बघताच तिने उणे चिन्ह पकडले, म्हणून ‘घ’. पण ‘घ’ म्हणजे काही मोठे नाही असे समजून सोडायचे नाही. बोर्डात याच चुकांनी सगळ्यांत जास्त गुण जातात असे मला वर्षानुवर्षे दिसते. ‘नीट लक्ष दे’ असे सांगून काही होत नाही. नेमकी कृती द्यावी लागते. वर्गसमीकरणात ती कृती म्हणजे आलेले एक मूळ दिलेल्या समीकरणात घालून बघणे. 3 घातले तर 9 − 12 − 3 म्हणजे −6 येते, शून्य येत नाही. अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि त्याने दोन गुण वाचतात.

तिसरे गणित शाब्दिक होते. द्राक्षांचे मोठे आणि लहान मिळून ५० क्रेट आहेत. मोठ्यात २० किलो माल बसतो, लहानात १२ किलो. एकूण माल ८४० किलो, तर प्रत्येक प्रकारचे क्रेट किती? चार गुण, आणि कागद कोरा. हीच मुलगी एका महिन्यापूर्वी याच प्रकरणाच्या पत्रिकेत अठरा गुण मिळवून गेलेली. सोमवारी मी फक्त ‘मोठे क्रेट x माना’ एवढे म्हटले आणि तिने x + y = 50 आणि 20x + 12y = 840 ही दोन्ही समीकरणे लिहून x = 30, y = 20 काढले. म्हणजे सोडवता येत होते, सुरुवात सुचत नव्हती. हे ‘ओ’. असे मूल घरी प्रकरण उघडून तीच समीकरणे पुन्हा पुन्हा सोडवत बसले तर काहीच सुधारणा होत नाही, कारण जे येते त्याचाच सराव चालू राहतो. त्याला वेगवेगळ्या प्रकरणांतली दहा शाब्दिक गणिते द्यायची आणि सांगायचे, सोडवू नकोस. फक्त x कशाला मानायचे आणि पहिली ओळ काय, एवढेच लिही. दहा गणितांना पंधरा मिनिटे लागतात.

बघा, अकरा हा आकडा एकच. पण गेलेल्या नऊ गुणांवर तीन वेगळे उपाय निघाले. फक्त आकडा बघून आपण म्हणालो असतो, अभ्यास वाढव. तिने वाढवलाही असता, आणि पुढच्या रविवारी तेच नऊ गुण पुन्हा गेले असते.

चौथे अक्षर, ‘स’, याबद्दल स्पष्ट सांगते. उजळणीने फक्त शिकलेले टिकते. जे मुळात समजलेच नाही ते उजळणीने समजत नाही. ज्या मुलाच्या कागदावर लागोपाठ दोन रविवारी तीन किंवा जास्त ‘स’ दिसतील, त्याला मी मंगळवार आणि गुरुवारी क्लासच्या आधी अर्धा तास बोलावीन आणि ते प्रकरण पहिल्या पानापासून शिकवीन. त्यासाठी वेगळी फी नाही. त्या काळात घरी त्या प्रकरणाची उजळणी करायला लावू नका, उगाच पाठांतर होते.

आता घरचा भाग. रोज फक्त तीस मिनिटे, शक्यतो ठरलेल्या वेळी. पहिली दहा मिनिटे पुस्तक, वही, गाईड सगळे बंद. कोरा कागद घ्यायचा आणि त्या दिवशीच्या प्रकरणातले जे आठवेल ते लिहायचे : सूत्रे, प्रमेयाचे विधान, एखादी आकृती. आठवत नसेल तर दोन मिनिटे थांबायचे, पण उघडायचे नाही. दहा मिनिटे झाली की पुस्तक उघडून जे राहिले ते त्याच कागदावर लाल पेनाने भरायचे. उरलेल्या वीस मिनिटांत रविवारच्या पत्रिकेतली टिंबवाली गणिते पुन्हा सोडवायची, आकडे बदलून; बदललेले आकडे मी सोमवारी देईन. कुठल्या दिवशी कुठले प्रकरण हे मुलाच्या उजळणी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून दिले आहे. प्रत्येक प्रकरण साधारण एका आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी आणि मग दीड महिन्याने परत येईल, अशी ती आखणी आहे.

पुस्तक बंद ठेवायचा हट्ट का, हे अनेक पालक विचारतात. मूल उघडे पुस्तक घेऊन तास-दोन तास वाचत बसले की आपल्याला बरे वाटते, आणि त्यालाही वाटते की सगळे येते. सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटते. पण ओळखीची वाटणे आणि कोऱ्या कागदावर ती स्वतः काढता येणे यांत फार अंतर आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो परत वाचला, काहींनी परत न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून सकाळी लिहिता येते, पण डिसेंबरमध्ये वाचलेले फेब्रुवारीत राहत नाही. आपल्याला फेब्रुवारीचे बघायचे आहे.

तुम्हाला गणित येत नसले तरी या अर्ध्या तासात तुमचे काम आहे, आणि ते दुसरे कुणी करू शकत नाही. पहिल्या दहा मिनिटांत पुस्तक खरेच बंद आहे का, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत आहे का, एवढे बघा. नंतर कागदावर दोन रंग आहेत का बघा. सगळा कागद निळा असेल आणि लाल अजिबात नसेल, तर एक तर मुलाला सगळे येते किंवा पुस्तक बघून लिहिले आहे. यातले कुठले खरे ते रविवारी कळते. आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा गुरुवारी, रविवारचा कागद समोर घ्या, एका टिंबावर बोट ठेवा आणि विचारा, ‘इथं काय चुकलं होतं, मला सांग.’ मूल दोन-तीन वाक्यांत सांगू शकले तर ती चूक त्याला कळली. ‘काही नाही, आलं आता’ एवढेच म्हणाले तर त्या टिंबाला गोल करून पाठवा, बाकी मी बघते. मग कागदाच्या मागे सही करा. सही म्हणजे गुण मान्य आहेत असे नव्हे. एक चूक मुलाकडून ऐकली, असा तिचा अर्थ.

दोन गोष्टी मात्र करू नका. भावंडाशी किंवा शेजारच्या मुलाशी रविवारच्या गुणांची तुलना नको, कारण त्या मुलाची कमजोरी वेगळ्या प्रकरणात असेल आणि त्या आठवड्याच्या पत्रिकेत ते प्रकरण आलेलेच नसेल. दुसरे म्हणजे, एका रविवारवरून काही ठरवू नका. वीस गुणांच्या पत्रिकेत एक चार गुणांचे गणित अडले की आकडा खाली येतो, दोन-तीन गुणांचा चढउतार असाच होत राहतो. चार पत्रिका शेजारी ठेवून बघा, आणि गुणांपेक्षा अक्षरे बघा. ‘स’ आणि ‘ओ’ कमी होऊन ‘वि’ आणि ‘घ’ उरत असतील तर गुण तेवढेच दिसले तरी गाडी पुढे चालली आहे. चौथ्या रविवारनंतरही ‘ओ’ कमी होत नसतील तर मला येऊन भेटा, मुलाला घेऊनच या.

काही वेळा ही योजना वरवर चालते आणि आत काहीच होत नाही. त्याची खूण अशी : घरच्या कागदावर सगळे बरोबर आणि रविवारी तीच गणिते कोरी. अशा वेळी घरी उत्तर कुठून तरी उतरवले जाते आहे. मुलाला रागावले की त्याला ते लपवायची सवय लागते; त्यापेक्षा त्या आठवड्यात गणिते कमी करा, तीनऐवजी एक, पण ते तुमच्यासमोर. दुसरी खूण, मूल पत्रिकेतली उत्तरेच पाठ करते. म्हणूनच मी आकडे बदलते आणि कुठलीही जुनी पत्रिका पुन्हा वापरत नाही. मोठ्या बहिणीच्या वेळच्या पत्रिका जपून ठेवल्या असतील तर सरावाला वापरा, पण त्यातलेच येईल या आशेने नको. तसेच बाजारातले अपेक्षित प्रश्नसंच जानेवारीच्या आधी घेऊ नका. त्यांत गणिते प्रकरणवार लावलेली असतात आणि त्यामुळे ‘ओ’ची चूक झाकली जाते.

भूमितीबद्दल एक मर्यादा सांगून ठेवते. भौमितिक रचना आणि प्रमेयांच्या लांब सिद्धता साठ मिनिटांच्या पत्रिकेत नीट तपासता येत नाहीत. त्यासाठी महिन्यातून एका रविवारी पूर्ण चाळीस गुणांची, दोन तासांची पत्रिका होईल, सकाळी आठ ते दहा. त्या दिवशी कंपास, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल नसेल तर रचनेचे गुण जातातच, तेवढे आदल्या रात्री बघा.

जानेवारीत काढणी सुरू झाली की काय करायचे, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो आणि तो रास्त आहे. गाडी भरायची असेल, मजूर कमी असतील, तर मुलाने हात लावायचाच. त्या दिवशी तीस मिनिटे होणार नाहीत. मग फक्त पहिली दहा मिनिटे ठेवा, बंद पुस्तक आणि कोरा कागद. गणिते सोडून द्या. दहा मिनिटांचे आठवून लिहिणे रोज चालू राहिले तर फारसे नुकसान होत नाही. पण सलग आठवडा काहीच झाले नाही तर मागच्या तीन आठवड्यांचे काम मागे सरकते, आणि ते फेब्रुवारीत भरून काढायला वेळ नसतो. रविवारी येणे शक्यच नसेल तर शनिवारी संध्याकाळी घडी करून स्टेपल केलेली पत्रिका घेऊन जा. घरी कुणीतरी मोठ्या माणसाने घड्याळ लावून बसावे, साठ मिनिटे झाली की कागद काढून घ्यावा, आणि सोमवारी मुलाच्या हाती पाठवावा. अर्धवट राहिली तरी तशीच पाठवा. मुलाला दुसऱ्या दिवशी पूर्ण करू दिली तर मला काहीच कळणार नाही.

शाळेच्या पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात आपली पत्रिका होणार नाही. त्याऐवजी शाळेने तपासून दिलेली गणिताची उत्तरपत्रिका मुलाने क्लासला आणायची आणि आपण तिच्यावरच ही चार अक्षरे लिहू. पेपरांच्या धबडग्यात, दमलेल्या हाताने मूल काय चुकते, हे तिथेच दिसते.

पहिली पत्रिका येत्या रविवारी. वर्गसमीकरणे हे या आठवड्याचे प्रकरण आहे, बाकीचे बारा गुण जुन्याचे. मुलांनी निळे पेन, लाल पेन, पेन्सिल आणि कंपास आणावा. आठला पाच मिनिटे कमी असताना जागेवर बसावे. पाटी-पॅड क्लासमध्ये आहेत. सोमवारी संध्याकाळी कागद घरी येईल, आणि गुरुवारपर्यंत तो तुमच्या सहीने परत यायला हवा. भेटायचे असेल तर शनिवारी सायंकाळी सहा ते सात मी क्लासमध्येच असते.

कळावे,
आपली,
दहावी गणिताची वर्गशिक्षिका
वणी, ता. दिंडोरी, जि. नाशिक